लव वरच्या दिशेला

दोब्रिंका वेलेवा मखमलीला हात लावायच्या आधी हात पुसायची, मग ती मखमल संगणकातली का असेना. माऊस धरायच्या आधी रुमालानं तळवे पुसायचे, बोटं एकदा उघडमीट करायची आणि मगच कामाला सुरुवात. आम्ही हसायचो. आमच्या कामावरचा लाचेझार म्हणायचा, "लेल्या, पडद्याला डाग पडत नाही गं." लेल्या म्हणजे आमच्याकडची मावशी, आणि वयानं मोठ्या बाईला सगळे तसंच हाक मारतात. ती त्याच्याकडे न बघता म्हणायची, "तुझ्या डोक्याला पडलेत तेवढे पुरे."

बावीस वर्षं ती आमच्या प्लोव्दिव शहरातल्या ऑपेराच्या शिवणखान्यात कापणारी होती. कापणारी म्हणजे शिवणारी नव्हे. हा फरक न कळणाऱ्या माणसाशी ती दोन दिवस बोलत नसे. शिवलेलं उसवता येतं, कापलेलं नाही, असं तिचं म्हणणं. राजे, राण्या, भुतं, बिशप, सगळ्यांचे झगे तिच्या कात्रीखालून गेले. मग बोटांची पेरं सुजायला लागली. आधी उजवा अंगठा, मग बाकीची. एका हिवाळ्यात कात्री मिटेना, आणि शिवणखान्यानं फुलांचा गुच्छ देऊन तिला घरी पाठवलं. तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती.

आमच्या अस्पारुखची अक्कल त्या वेळी तरी जाग्यावर होती म्हणायची. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ. बाहेरच्या देशांतल्या कंपन्यांच्या संगणकावरच्या खेळांसाठी आम्ही माणसं, घोडे, दिवे, कपडे बनवतो. माझं काम उजेडाचं. कुठला दिवा कुठे, सावली किती मऊ, हे मी बघते. अस्पारुख एकदा ऑपेरा बघायला गेला आणि मध्यंतरात कुणाला तरी म्हणाला की आमच्या खेळातली मखमल ओल्या रबरासारखी दिसते. त्या कुणाला तरी दोब्रिंका माहीत होती. झालं, पुढच्या सोमवारी ती घरून आणलेली बानित्सा, चीज भरलेली पोळी, कागदात गुंडाळून आमच्या दारात उभी.

पहिल्याच दिवशी तिनं आमची मखमल बघितली आणि विचारलं, "ह्याला मखमल कुणी म्हटलं?"

"मी," लाचेझार म्हणाला.

"मग तुझ्या लग्नात हीच नेस."

चूक कुठे होती ते तिला सांगता येत नव्हतं, पण दाखवता येत होतं. पिशवीतून तिनं मखमलीचा एक जुना तुकडा काढला आणि माझ्या टेबलावरच्या दिव्याखाली वाकवला. "बघ. तुझ्याकडे तोंड करून आहे तिथे काळोख. वळून पलीकडे जातेय तिथे, कडेला, उजेड. तुमचं उलटं आहे. तुमच्याकडे मधोमध चमक आणि कडा मेलेल्या." तिचं बरोबर होतं. मखमलीचे तंतू उभे असतात. समोरून बघितलं की नजर तंतूंच्या मधल्या काळोखात शिरते. तिरकं बघितलं की तंतूंच्या अंगावर उजेड पकडला जातो आणि कडेला झाक उठते. आमच्या हत्यारांत त्या झाकेसाठी एक वेगळा थर असतो, त्याला शीन म्हणतात. त्याचा रंग निवडायचा, तो किती पसरट हवा ते ठरवायचं. लाचेझारनं तो थर कधी उघडलाच नव्हता, आणि मी उघडला होता तो भीत भीत.

दोब्रिंकानं तो उघडला आणि तीन महिन्यांत आत्मसात केला. सुजलेल्या बोटांनी, एका वेळी एक कळ दाबत. एकदा संध्याकाळच्या दृश्यात तिची जांभळी मखमल भुतासारखी उजळायला लागली, तेव्हा तिनं मला हाक मारली. मी सांगितलं की शीनचा थर जेवढा उजेड परत फेकतो तेवढा खालच्या कापडातून कमी करावा लागतो, नाहीतर कापड मिळाल्यापेक्षा जास्त देतं. तिनं मान डोलावली नाही की काही नाही, वहीत लिहून घेतलं. "कापड म्हणजे दिवा नव्हे," असं. ती वही मी नंतर बघितली आहे. सगळं असंच लिहिलेलं, तिच्या भाषेत.

साटीन तिला लवकर जमलं. साटीनचे धागे आडवे पडून असतात, एकाच दिशेला, म्हणून त्याची चमक गोल नसते. ती धाग्यांना काटकोनात ताणली जाते, पट्टा होऊन. दिशा फिरवली की पट्टा फिरतो. "हे तर साधं आहे," ती म्हणाली, आणि माझ्या सहा वर्षांच्या नोकरीत मला जे कुणी नीट समजावलं नव्हतं ते तिनं बोटानं टेबलावर रेघ ओढून समजावलं. मला तिचा राग आला होता त्या दिवशी. खोटं कशाला बोलू.

खरी जादू मात्र तंतूंची. एका झग्यावर किती तंतू असतात? एकेक बनवायला बसलं तर यंत्र जागेवर बसेल. म्हणून फसवायचं. एक छोटंसं निळसर चित्र करायचं, ज्यात रंग नसतो, दिशा भरलेली असते. कापडाचा हा ठिपका कुठे तोंड करून आहे, तो ठिपका कुठे. त्याला नॉर्मल मॅप म्हणतात. ते फरशीसारखं पुन्हा पुन्हा लावायचं, मोठ्या घड्यांच्या वर. कापड सपाटच राहतं, पण उजेडाला वाटतं की इथे तंतू आहेत. दोब्रिंकानं आपल्या जुन्या तुकड्याचे चारी बाजूंनी दिवे बदलून फोटो काढले आणि त्यातून हे चित्र तयार केलं. मखमलीची लव कधीच सरळ उभी नसते, एका अंगाला जराशी झुकलेली असते. तो झुकावही तिनं चित्रात आणला. आमच्याकडे तसं आजवर कुणी केलं नव्हतं.

मग आला राणीचा झगा.

बाहेरच्या एका मोठ्या कंपनीनं चाचणी म्हणून एकच वस्तू मागितली होती. गडद लाल मखमलीचा झगा, आत सोनेरी साटीनचं अस्तर. पास झाला तर तीन वर्षांचं काम. अस्पारुखनं सगळ्यांना जमवलं आणि तो दोब्रिंकाकडे बघून म्हणाला, "लेल्या, स्पष्ट सांगतो. झगा पास झाला तर कापडाचं टेबल राहील. नाही झाला तर मला ते परवडत नाही."

कापडाचं टेबल म्हणजे ती एकटी. तिनं विचारलं, "राहील म्हणजे मी राहीन?"

"तू म्हणजेच टेबल ना," अस्पारुख म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

बाहेर पडताना जिन्यात ती मला म्हणाली, "हे गेलं तर माझ्याकडे काय आहे सांग? कात्री धरता येत नाही. पेला धरताना दोन हात लागतात. डोळे तेवढे आहेत, आणि डोळ्यांची नोकरी आख्ख्या शहरात ह्याच एका माडीवर आहे." हे ती रडून बोलली नाही. भाजीचा भाव सांगावा तसं बोलली.

झगा तिनं पाच आठवडे केला. जवळून बघितला तर हात फिरवावासा वाटे. आम्ही पाठवला, आणि चार दिवसांनी उत्तर आलं: कापड डागाळलेलं दिसतं. पाठीचा एक भाग फिका, डावी बाही फिकी, बाकी गडद. राणी मळकी वाटते.

आम्ही जवळ जाऊन बघितलं. प्रत्येक तुकडा निर्दोष. मागे सरकलो आणि मलाही दिसलं. जवळून डाग नाहीत, लांबून आहेत. अस्पारुख म्हणाला, "तंतूंचा जोर कमी कर. सगळं गुळगुळीत कर. एकसारखं दिसेल."

"प्लास्टिकही एकसारखंच दिसतं," दोब्रिंका म्हणाली.

"लेल्या, परवा पाठवायचंय."

"मग परवापर्यंत मला माझं काम करू दे."

ती सकाळभर काही न करता झगा फिरवत बसली. बोझा नावाच्या आंबटगोड पेयाची तिची बाटली तशीच भरलेली. दुपारी तिनं लाचेझारला बोलावलं आणि विचारलं, "ह्या झग्याचे तुकडे उलगडून कुठे ठेवलेस?" कपड्यावर चित्रं चढवायची तर तो आधी उलगडून एका चौकोनात सपाट मांडावा लागतो, शिंप्यानं कापडावर बेतणी मांडावी तसा. लाचेझारनं तो चौकोन उघडला. जागा वाचावी म्हणून प्रोग्रामनं तुकडे फिरवून फिरवून गच्च बसवले होते. एक बाही सरळ, दुसरी उलटी, पाठीचा एक तुकडा आडवा.

दोब्रिंकानं त्या चौकोनातल्या एकेका तुकड्यावर बोट ठेवत नेलं. मग म्हणाली, "अरे गाढवा. तू लवेच्या उलट कापलंस."

"मी कुठे कापलं? प्रोग्राम आपोआप बसवतो."

"शिवणखान्यात असं कुणी केलं असतं तर माझ्या हातची थप्पड खाल्ली असती. कापड वाचवायला बाही उलटी लावतात ते रस्त्यावरचे शिंपी."

मग ते माझ्याही डोक्यात शिरलं. तंतूंचं चित्र तुकड्याच्या दिशेनं चालतं. तुकडा फिरला की लवेचा झुकाव फिरतो. लांबून बघताना यंत्र ते बारीक चित्र सरासरी काढून लहान करतं. इकडचा तंतू, तिकडचा तंतू, एकमेकांना खोडतात आणि नाहीसे होतात. पण झुकाव सगळ्यांचा एकच असतो, तो खोडला जात नाही, उरतो. म्हणून जवळून सुंदर आणि लांबून मळकी. हे कोडं सोडवायला उजेडवाली मी होते, प्रोग्रामवाला लाचेझार होता. सोडवलं कात्रीवालीनं.

दोन दिवस ती आणि लाचेझार बसले. फिरवायची सोय बंद केली, सगळे तुकडे हातानं मांडले, सगळ्यांची लव वर. मी विचारलं, वर का, खाली का नाही. "रोजच्या कपड्याची लव खाली," ती म्हणाली. "झटकता येते, झिजत नाही. रंगमंचावर लव वर. रंग गडद दिसतो. राणी काय भांडी घासायला जाणार आहे?" चौकोनात जागा वाया गेली म्हणून लाचेझार कुरकुरला. तिनं त्याला घरच्या मिरच्यांची ल्युतेनित्सा, म्हणजे चटणी, दिली, मग गप्प झाला.

झगा पास झाला. उत्तरात लिहिलं होतं की अशी मखमल त्यांनी कुणाकडूनही बघितली नाही. अस्पारुखनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दोब्रिंका हात पुसत होती. ती हसली, आणि तिचा एक सोन्याचा दात आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता माझ्या पापाचं सांगते, कारण ते सांगायलाच मी बसले आहे.

काम आलं, पण कमी भावात. चाळीस कपडे, निम्म्या दिवसांत. अस्पारुख मला म्हणाला, "एव्दोकिया, तिनं जे केलं ते साच्यात घालून ठेव. म्हणजे कुणीही बटण दाबलं की मखमल." मला ते शहाणपणाचं वाटलं. मी दोब्रिंकाजवळ बसले. ती सांगत गेली, मी भरत गेले: शीनचा रंग, पसरटपणा, तंतूंचं चित्र किती वेळा लावायचं, किती लांबून विरवायचं, विरल्यावर खडबडीतपणा किती वाढवायचा म्हणजे लांबची मखमल रबर होणार नाही. तिनं काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. शिकवायला मिळालं म्हणून खूष होती बिचारी. दुसरी कुणी असती तर मुठीत ठेवलं असतं. हिनं आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तो धोंडा मी तिच्या हातात दिला.

साच्यात एक गोष्ट मावत नव्हती. लवेची दिशा. ती कापडाच्या गुणांत नसते, बेतणीत असते, त्यामुळे बटणात कोंबता येत नाही. ती कागदावरच लिहावी लागते. दोब्रिंकानं सूचनांच्या कागदावर पहिलीच ओळ सांगितली होती: "तुकडे फिरवू नका. सगळ्यांची लव वर." अस्पारुखला एकाच पानाच्या सूचना हव्या होत्या. माझं दीड पान झालं होतं. मी कापाकापी केली. मला वाटलं, ही ओळ काय, लाचेझारला आता जन्मभर लक्षात राहील. मी ती ओळ कापली.

महिन्याभरात अस्पारुखनं तिला बोलावलं. दार उघडंच होतं.

"लेल्या, टेबल आता बटणात आलं."

"तू म्हणालास, पास झाला तर राहीन."

"म्हणालो. तेव्हा खरं होतं."

"मी साटीन बघते. अस्तरं बघते. कमी दिवस येईन."

तो टेबलावरचे कागद सारखे करत बसला. ती उठली, रुमाल घडी करून खिशात घातला, आणि मखमलीचा तो जुना तुकडा माझ्या टेबलावर ठेवून गेली. "तुला दिवे लावताना लागेल," म्हणाली. मी "नको" म्हणायला हवं होतं की "थांब" म्हणायला हवं होतं, आजही मला कळत नाही. मी "बरं" म्हणाले.

पुढच्या वसंतात लाचेझारही दुसरीकडे गेला. नवीन आलेल्यांनी माझं एक पान वाचलं आणि बटण दाबलं.

दोब्रिंका आता ऑपेरातच असते, पण खाली, कोट ठेवायच्या खिडकीत. लोकांचे कोट घेते, बिल्ला देते. जड कोट दोन्ही हातांनी उचलते. मी कधी तिला भेटायला जाते, तिला मोकळा वेळ असला की आम्ही चालत मारित्सा नदीपर्यंत जातो. ती स्टुडिओचं काही विचारत नाही. मीही सांगत नाही.

त्या दिवशी मोठ्या रस्त्यावर टीव्हीच्या दुकानाच्या काचेसमोर ती एकदम थांबली. आत भिंतभर पडद्यांवर एकच जाहिरात चालू होती. आमचा खेळ बाजारात आला होता. राणी पायऱ्या उतरत होती, लाल झगा, सोनेरी अस्तर. लोक येत-जात होते. एक बाई पोराला म्हणाली, "किती खरं दिसतंय बघ." राणी वळली. मीच लावलेला दिवा तिच्या खांद्यावर पडला.

डावी बाही फिकी होती. पाठीचा एक पट्टा फिका होता. साध्या यंत्रांसाठी झग्याची हलकी आवृत्ती करायला सांगितली होती, ते मला माहीत होतं. कुणीतरी तुकडे पुन्हा बसवले असणार, निम्म्या जागेत, फिरवून फिरवून. कागदावर फिरवू नका असं लिहिलेलंच नव्हतं. आणि तीच हलकी आवृत्ती जाहिरातीत गेली.

"बाही उलटी आहे," दोब्रिंका म्हणाली.

"मी ती ओळ कापली होती," मी म्हणाले. "पानात मावत नव्हती."

"माहीत आहे मला. जायच्या आधी कागद वाचला होता मी."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, चूक झाली की बोलावतील," ती म्हणाली. "वर्षभर फोन जवळ ठेवून झोपले."

जाहिरात संपून पुन्हा सुरू झाली. राणी पुन्हा वरच्या पायरीवर. मी म्हणाले की कुणाच्या तरी लक्षात येईल, मी अस्पारुखशी बोलेन, अजून दुरुस्त करता येतं. खरं तर मला माहीत होतं की दुरुस्त होणार नाही. कुणाची तक्रारच नव्हती.

"कुणाच्या लक्षात येणार?" ती म्हणाली. "ज्यांना दिसतं त्या दोघी इथे काचेबाहेर उभ्या आहेत."

तिनं रुमाल काढला आणि हात पुसले, सवयीनं. मग काचेवर, राणीच्या डाव्या बाहीवर, सुजलेलं बोट ठेवून ते खालून वर एकदा फिरवलं, लव बसवावी तसं. काच थंड आहे म्हणाली. मग आम्ही बसथांब्याकडे चालायला लागलो, कारण सहाला तिला कोट घ्यायला बसायचं होतं.